सहा दाती बोकडाचं मटण मऊ शिजवण्याच्या नोंदी: कुकर, मंद चूल आणि कच्ची पपई

2 फेब्रुवारी 2025, रविवार

वाई तालुक्यातल्या आमच्या गावची जत्रा यंदा 19 आणि 20 एप्रिलला आहे. पहिल्या दिवशी गोडा नैवेद्य, दुसऱ्या दिवशी खारा. बोकड नवसाचा, चुलत्यांनी घरीच वाढवलेला. सहा दात लावलेत, म्हणजे तीन वर्षांच्या आसपासचा. गेल्या वर्षीचाही असाच जून होता. रस्सा चांगला झाला, पण फोडी ताटांत तशाच राहिल्या आणि म्हाताऱ्या माणसांना तर एकही चावली नाही. यंदा शिजवण्याची जबाबदारी माझ्याकडे आहे. शंभरेक माणसं जेवणार, म्हणून आधी पुण्यात थोड्या थोड्या मटणावर करून बघायचं आणि लिहून ठेवायचं. पुढे ज्याच्या वाट्याला हे काम येईल त्याला उपयोग होईल.

खाटकाला मुद्दाम जून बोकडाचं मटण मागितलं. "लोक कवळं मागतात, तुम्ही जून कशाला?" असं त्याने दोनदा विचारलं. कारण सांगितल्यावर मात्र त्याने नीट दाखवलं. जून मटण गडद लाल दिसतं, कोवळं गुलाबी. कोवळ्याच्या हाडाच्या टोकाशी कूर्चा जास्त आणि लालसरपणा असतो, जूनचं हाड पांढरं आणि टणक. मांसावरचा पांढरा पडदा कोवळ्यात नखाने फाटतो, जूनमध्ये सुरीच लागते. भाव 780 रुपये किलो.

मटण वेगवेगळ्या पिशव्यांत घेतलं: पुढचा पाय, मान, आणि मांडीचा गर. एकाच बोकडाचे असले तरी हे तीन भाग वेगवेगळ्या वेळात शिजतात का, हे आधी बघायचं आहे. पुढचा पाय आणि मान दिवसभर चालण्यात आणि चरण्यात राबतात, त्यामुळे त्यांत पडदे आणि शिरा भरपूर. मांडीला गर जास्त, पडदे कमी. चावताना जो वातडपणा लागतो तो बराचसा या पडद्यांचा आणि शिरांचा. ते कोलॅजनचे बनलेले असतात, बराच वेळ ओलसर उष्णता मिळाली की विरघळून त्यांचं जिलेटिन होतं. जनावर जून झालं की कोलॅजनचे धागे एकमेकांत जास्त घट्ट अडकतात, आणि विरघळायला वेळ लागतो. एवढं लक्षात ठेवून सुरुवात केली.

9 फेब्रुवारी, रविवार: कुकर

पाच लिटरचा ॲल्युमिनियमचा कुकर. अर्धा किलो मटण, निम्मा पुढचा पाय, निम्मी मांडी. थोड्या तेलावर कांदा, आलं-लसूण, हळद, मीठ घालून परतलं, मटणाला पाणी सुटून ते निम्मं आटेपर्यंत. मग दोन वाट्या गरम पाणी.

घरात सगळे चार शिट्ट्या म्हणतात, म्हणून आधी मोठ्या आचेवर चार शिट्ट्या केल्या. पहिल्या शिट्टीपासून चौथीपर्यंत जेमतेम सात मिनिटं गेली. उघडून बघितलं तर पुढच्या पायाची फोड बोटांत दाबली की परत फुगत होती. शिट्टीचा आकडा म्हणजे वेळ नव्हे, हे इथे स्पष्ट झालं. आच मोठी असली की शिट्ट्या भराभर होतात, कुकर लहान असला तरी भराभर, आणि शिट्टीच्या वजनाखाली कचरा असला तर लांबतात. म्हणून पुढे हिशोब असा ठेवला: पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक, आणि तिथून घड्याळ. बारीक गॅसवर शिट्टी जवळजवळ होत नाही, फक्त अधूनमधून सुस्कारा येतो. तेवढं पुरतं. आतलं पाणी तेव्हाही 120 अंशांच्या जवळ असतं, आणि जास्त शिट्ट्यांनी ते आणखी तापत नाही, फक्त पाणी उडतं.

पंधरा मिनिटांनी मांडी मऊ व्हायला लागली होती, पाय अजून नाही. पंचवीस मिनिटांनी मांडी झाली. पायाचा गर सुटत होता, पण नळीच्या टोकाजवळची शीर तशीच रबरासारखी. पस्तीस मिनिटांनी पाय झाला आणि मांडी गेली. गेली म्हणजे काय झालं ते नीट लिहितो, कारण याच ठिकाणी लोकांची गल्लत होते. मांडीची फोड बोटाने दाबली की तिचे लांब लांब धागे सुटत होते. तोंडात घातली तर कोरडी, चावत राहिलं की चोथा उरतो. ती कच्ची राहिलेली फोड नव्हती, पण जेवणारा तिलाही वातडच म्हणणार, आणि मग कुणीतरी म्हणणार की अजून दोन शिट्ट्या द्या. त्याने ती आणखी कोरडी होते. पाय आणि मांडी एकत्र शिजवायची नाहीत, किंवा मांडी नंतर टाकायची, हा पहिला निर्णय.

आणखी एक. पंधरा मिनिटांनंतर घाईने शिट्टी उचलून वाफ काढली होती. दाब एकदम उतरला, आतलं पाणी खळखळून उसळलं आणि मांडीच्या फोडींच्या कडा फाटल्या. रस्साही गढूळ झाला. नंतरच्या दोन्ही वेळा गॅस बंद करून कुकर आपोआप उतरू दिला. त्याला बारा ते पंधरा मिनिटं लागतात, आणि त्या वेळातही मटण शिजतच असतं, ते वेळेत धरायला हवं.

16 फेब्रुवारी, रविवार: मंद आच

आज सगळं पुढच्या पायाचं आणि मानेचं, पाऊण किलो. जाड बुडाचं पातेलं, वर ताट, ताटात पाणी. हे ताटातलं पाणी आईने लहानपणापासून दाखवलेलं. त्याचे दोन उपयोग आहेत. ताट गार राहिल्यामुळे आतली वाफ त्याला लागून परत खाली पडते, पातेलं आटत नाही; आणि रस्सा कमी पडला तर ताटातलंच तापलेलं पाणी आत घालता येतं. गार पाणी घातलं की मटण दडस होतं असं आमच्याकडे म्हणतात. मला दिसलं ते असं की गार पाण्याने पातेलं बुडबुडायचं थांबतं, परत रंगात यायला दहा-पंधरा मिनिटं जातात, आणि तेवढा वेळ फुकट जातो. थर्मामीटर लावलं होतं: दोन वाट्या गार पाण्याने आतलं तापमान 96 वरून 78 अंशांवर आलं.

उकळीचाही फरक बघितला. खळखळ उकळी ठेवली तरी पाण्याचं तापमान फारसं वाढत नाही, फोडी मात्र एकमेकांवर आपटतात. कडेला एखाद-दुसरा बुडबुडा येत राहील एवढीच आच ठेवली, तेव्हा तापमान 92 ते 95 राहिलं आणि फोडी अखंड राहिल्या.

आता वेळ. अर्ध्या तासाने फोड काढली तेव्हा ती आकसून कच्च्या फोडीच्या दोन-तृतीयांश झाली होती आणि दाताखाली अगदी टणक. एक तासाने जवळजवळ तशीच. आजच्या दिवसात सगळ्यांत उपयोगाचं हेच वाटतं. मटण आधी घट्ट होतं आणि मग मऊ होतं. पहिल्या तासात रेषा आकसून पाणी बाहेर ढकलतात, पडदे मात्र अजून विरघळलेले नसतात, त्यामुळे ही अवस्था सगळ्यांत वातड. याच वेळी लोक घाबरून सोडा घालतात किंवा आच वाढवतात, किंवा मटणच वाईट आलं म्हणून सोडून देतात. खरं तर काही करायचं नसतं, फक्त थांबायचं.

पावणेदोन तासांनी पहिला बदल दिसला: मानेच्या मणक्यांमधला गर सुरी टोचली की सुटायला लागला. सव्वादोन तासांनी पायाचा गर सैल झाला. पावणेतीन तासांनी नळीवरची शीर पारदर्शक, मऊ झाली आणि जिभेने टाळूवर दाबली की विरघळली. इथे गॅस बंद. मांडीचं जे कुकरमध्ये झालं तसं इथे काही झालं नाही. पायात पडदे इतके असतात की ते विरघळून झालेलं जिलेटिन रेषांना ओलं ठेवतं. उरलेला रस्सा फ्रिजमध्ये ठेवला, सकाळी वाटी उलटी केली तरी पडला नाही.

23 फेब्रुवारी, रविवार: कच्ची पपई

पपई गावाकडून आणली, झाडावरून उतरवलेली, पूर्ण हिरवी. कापली की पांढरा चीक धो धो आला. मटण मऊ करणारं पपेन या चिकात असतं, आणि सालीत व सालीलगतच्या गरात ते जास्त. पिकत गेली की ते कमी होतं. बाजारात कधी कधी बाहेरून हिरवी आणि आतून केशरी पपई देतात, ती या कामाला उपयोगाची नाही. चीक हाताला लागून खाज सुटली, म्हणून हातमोजे घालावे. ज्यांना रबराच्या चिकाची ॲलर्जी असते त्यांनी या वाटेला जाऊ नये. गरोदर बाईसाठी कच्ची पपई टाळतात, म्हणून जत्रेच्या पंगतीत ती सरसकट वापरणं मला आधीपासूनच पटत नव्हतं. तरी करून बघितली.

पहिला डाव: अर्धा किलो मांडीचा गर, एक इंचाच्या फोडी, सालीसकट किसलेली पपई चार मोठे चमचे, रात्रभर फ्रिजमध्ये. सकाळी फोडींची बाहेरची बाजू बोटाला चिकटत होती. तव्यावर टाकल्यावर बाहेरून पिठूळ झाली, करपली, आतून तशीच राहिली. चवीला हलका कडवटपणा. 400 रुपयांचं मटण वाया गेलं. पपईचा रस आत फारसा शिरत नाही, पृष्ठभागावरच काम करतो. जास्त घातला किंवा जास्त वेळ ठेवला तर आतला गर मऊ होत नाही, फक्त बाहेरचा थर विरघळतो.

दुसरा डाव: अर्ध्या किलोला एकच मोठा चमचा, साल काढून किसलेली पपई, सोबत दही, मीठ, हळद. फोडी अर्ध्या इंचाच्या, काट्याने टोचलेल्या. दीड तास फ्रिजमध्ये, मग पंधरा मिनिटं बाहेर. तव्यावर झाकण ठेवून सुकं केलं. हे चांगलं झालं. मांडीसारखा पडदे नसलेला गर असेल, लहान फोडी असतील आणि सुकं किंवा भाजायचं असेल, तर पपई उपयोगी पडते. खिम्यात तर थोडीशीच पुरते, कारण तिथे सगळा पृष्ठभागच असतो.

तिसरा डाव माझ्या कामाशी जास्त जोडलेला होता. पुढच्या पायाच्या हाडासकट फोडी, तेवढीच पपई लावून, गार पाण्यात घालून अगदी मंद तापवल्या. पपेन 60 ते 70 अंशांच्या आसपास सगळ्यांत जोमात काम करतं, आणि पाणी उकळीच्या जवळ गेलं की निकामी होतं. थर्मामीटरने 50 वरून 70 अंशांवर जायला वीस मिनिटं लावली. त्या वीस मिनिटांत फोडींचे बाहेरचे धागे सुटून पाण्यात तरंगायला लागले आणि रस्सा गढूळ झाला. नळीवरची शीर मात्र दोन तासांनीही जशीच्या तशी. उकळत्या रश्श्यात पपईचे तुकडे टाकण्याची पद्धतही बघितली, त्यात फरक कळला नाही. उकळत्या पाण्यात पडल्यावर पपेन टिकतच नाही, त्यामुळे ते अपेक्षितच होतं.

गावाकडून नारळाच्या करवंटीचा तुकडा घालायचाही सल्ला आला होता. करवंटीसह आणि करवंटीविना अशी दोन पातेली शेजारी शेजारी ठेवली. दोन्ही एकाच वेळी शिजली.

9 मार्च, रविवार: कापल्यावर किती वेळाने शिजवायचं

एक प्रश्न उरला होता. पुण्यात मी आणलेलं मटण सकाळी कापलेलं असतं आणि मी ते बहुधा दुसऱ्या दिवशी शिजवत होतो. गावात मात्र बोकड पहाटे कापतात आणि दहाच्या आत पातेलं चढतं. कापल्यावर काही तासांत मांस ताठरतं, आणि ती ताठरण सुटायला वेळ लागतो. म्हणून एकाच बोकडाचं पुढच्या पायाचं मटण दोन भाग करून घेतलं. एक भाग आणल्यापासून तीन तासांत शिजवला. दुसरा झाकून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवला आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शिजवला. आच, पाणी, पातेलं तेच. त्याच दिवशीच्या मटणाला अर्धा तास जास्त लागला, आणि फोडी जास्त आकसल्या.

एक इशारा. ताजं, अजून कोमट मटण थेट फ्रीझरमध्ये टाकू नये. ताठरण सुटायच्या आत गोठलं की रेषा आखडतात, आणि वितळल्यावर मटण जास्त घट्ट होतं. आधी फ्रिजमध्ये एक दिवस, मग फ्रीझर.

गावात एवढं मटण ठेवायला फ्रिज नाही, आणि खारा नैवेद्य त्याच दिवशीचा. त्यामुळे रिवाज बदलायचा नाही, फक्त वेळ जास्त धरायचा.

23 मार्च, रविवार: चुलीवर, गावात

तीन किलो मटण घेऊन गावात चुलीवर केलं, आबांच्या देखरेखीखाली. आबा म्हणजे माझे थोरले चुलते, गेली कित्येक वर्षं जत्रेचं पातेलं तेच बघतात. पपई न वापरण्याचं मी सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "पपई कशाला? जाळ कमी कर आन् बस शेजारी."

शिजलंय का हे बघण्याची त्यांची रीत सगळ्यांनी पाहण्यासारखी आहे. ते रश्श्याचा रंग बघत नाहीत, तेलाचा तवंग बघत नाहीत, मांडीची फोड तर हातातच घेत नाहीत. डावाने नळीची फोड उचलतात, ताटलीत ठेवतात आणि हाडाच्या टोकाकडे बघतात. मांस टोकापासून मागे सरकून बोटभर हाड उघडं पडलं, की ते म्हणतात अर्धं काम झालं. मग अंगठा आणि तर्जनीत हाडाजवळची शीर धरून दाबतात. शीर पांढरी असेल आणि बोटातून निसटत असेल तर नाही. काचेसारखी पारदर्शक असेल, दाबल्यावर चपटी होऊन तशीच राहात असेल आणि बोटं एकमेकांना किंचित चिकटत असतील, तर झालं. चाखणं सगळ्यांत शेवटी.

माझी भर फक्त एक: साक्षीची फोड. पातेल्यातल्या सगळ्यांत दणकट नळीच्या फोडीला पांढरी सुती दोरी बांधून दोरीचं टोक कडीला अडकवलं. दर वेळी तीच फोड वर ओढायची, तपासायची, परत सोडायची. नाहीतर दर वेळी वेगळी फोड हाती येते: कधी मान, कधी मांडी. पहिली मऊ लागली म्हणून पातेलं उतरवतात आणि पंगतीत तक्रार येते. आबांना ही दोरी पहिल्यांदा खटकली, पण दुसऱ्या तासापासून तेच ती ओढून बघत होते.

चुलीत एक अडचण आली. वारा उत्तरेकडून असल्यामुळे जाळ एका बाजूलाच लागत होता, त्या बाजूचं मटण खळखळत होतं आणि दुसऱ्या बाजूचं गप्प होतं. मागे दोन विटा उभ्या केल्या आणि पाऊण तास झाल्यावर लाकडं ओढून घेऊन फक्त निखारे ठेवले. पातेलं तीन तास पाच मिनिटांनी उतरवलं.

20 एप्रिल, रविवार: जत्रा

बोकड पहाटे साडेपाचला कापला. सोलून, कापून हाडासकट 24 किलो मटण भरलं. कलेजी वेगळी काढली, ती सकाळच्या भाकरीसोबत गेली.

कापणाऱ्या भाऊंना दोन गोष्टी आधी सांगितल्या होत्या. फोडी एकसारख्या, साधारण दोन इंचांच्या हव्यात. आणि पाय, मान, छाती एका परातीत. मांडी आणि पाठीचा भाग दुसऱ्या परातीत. भाऊंनी कुरकूर केली, पण केलं.

सव्वाआठला पहिलं पातेलं: पाय, मान, छाती, मिळून 14 किलो. आळणी पद्धतीने, म्हणजे कांदा, आलं-लसूण, हळद, मीठ. मटण परतून त्याचं पाणी सुटलं, मग उकळतं पाणी. वाटण, मसाला, तिखट शेवटी. मसाला आधी घातला तर तो एवढा वेळ खाली बसून करपतो, आणि फोड तपासताना पडदा पारदर्शक झालाय की नाही ते लाल रश्श्यात दिसत नाही.

साडेनऊला दुसरं पातेलं: मांडी आणि पाठ, 10 किलो.

दहाच्या सुमाराला पाहुण्यांपैकी कुणीतरी मदत म्हणून पहिल्या चुलीत दोन मोठी लाकडं सारली. मी पाणी आणायला गेलो होतो. परत आलो तेव्हा पातेलं उसळत होतं आणि वरच्या फोडींच्या कडा सुटायला लागल्या होत्या. लाकडं ओढून पाणी मारलं, ताटातलं पाणी आत घातलं, आणि वीस मिनिटांत उकळी जागेवर आली. नुकसान रश्श्याच्या रूपाचं झालं, मटणाचं फारसं नाही. पुढच्या वर्षी जळण सांभाळायला एक ठराविक माणूस हवा, आणि त्याला दुसरं काम सांगायचं नाही.

साडेअकराला, म्हणजे सव्वातीन तासांनी, साक्षीची फोड: हाड उघडं, शीर अजून दोन्ही टोकांना पांढरी. आबांनी मान हलवली: "हाडाला धरून बसलंय अजून." मांडीचं पातेलं दोन तासांत झालं होतं. तिथे शिरा नाहीत, म्हणून सुरी टोचून बघितली: सुरी आत जाते, काढताना फोड तिच्यासोबत उचलली जात नाही. ते लगेच उतरवून झाकून ठेवलं. जास्त ठेवलं असतं तर चोथा झाला असता.

पावणेबाराला पहिल्या पातेल्यातल्या बाकीच्या फोडी तपासल्या. मान झाली होती, छाती झाली होती. मागे होत्या त्या पुढच्या पायाच्या नळ्या, अंदाजे अडीच किलो. पंगत एकला होती आणि त्यांच्यासाठी सगळं पातेलं थांबवणं बरोबर नव्हतं. झाऱ्याने नळ्या वेचून काढल्या आणि घरच्या दोन कुकरमध्ये थोड्या आळणी रश्श्यासह बसवल्या. कुकरला प्रेशर आल्यापासून बारीक आचेवर पंधरा मिनिटं, मग आपोआप उतरू दिले. उघडले तेव्हा शिरा काचेसारख्या. तीन तास मंद आचेवर शिजलेल्या मटणाला कुकरात थोडाच वेळ लागतो, आणि बाकीच्या फोडी त्यात भरडल्या जात नाहीत. चूल आणि कुकर यांची ही जोड पुढेही ठेवणार आहे. सुरुवातीपासूनच नळ्या वेगळ्या काढल्या असत्या तर वेचण्याची वीस मिनिटं वाचली असती. पुढच्या वेळी त्यांची तिसरी परात.

मग दोन्ही पातेल्यांचं एकत्र करून वाटण, मसाला, शेवटची वीस मिनिटं. पहिली पंगत एक वाजून दहा मिनिटांनी बसली. दोन्ही पंगतींनंतर ताटांतली हाडं बघितली, नळ्यांवर शीर उरली नव्हती.

खर्च: बोकड घरचा. कापणावळ 1,500, जळण 900, कांदे-खोबरं-मसाले 3,200, गॅस घरचाच. आधीच्या चाचण्यांच्या मटणाचा खर्च वेगळा, त्यांतले 400 पपईच्या पहिल्या डावात.

21 एप्रिल, सोमवार: उरलेलं मटण

तीनेक किलो उरलं होतं. सकाळी काकींनी पातेलं उघडलं आणि म्हणाल्या, "रात्री मऊ होतं, आता परत वातड झालं." फोड खरंच कडक लागत होती. पण रात्रीत रस्सा गोठून दह्यासारखा झाला होता, फोडीतलं जिलेटिनही तसंच घट्ट झालं होतं. गार मटण दाबून ते शिजलंय की नाही हे ठरवता येत नाही. पातेलं बारीक आचेवर ठेवलं, पाणी घातलं नाही, झाकण ठेवून रस्सा आपोआप सुटू दिला. वाफ धरल्यावर दहा मिनिटांनी फोड परत कालच्यासारखी मऊ. भर उकळीवर तापवलं असतं तर बाहेरचे धागे सुटले असते आणि आत गार राहिलं असतं. दुपारच्या भाकरीला तेच वाढलं.